सगळी गर्दी मिळून एक माणूस

दादर स्टेशन, संध्याकाळचे पावणेसात. इंडिकेटरवर कल्याण स्लो तीन मिनिटांवर आहे आणि फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. खांबाला टेकून उभा असलेला पन्नाशीचा एक गृहस्थ हळूहळू खाली सरकतो. पोटाशी धरलेली बॅग मांडीवर येते, मान छातीवर पडते. तो झोपलाय, थकलाय, प्यायलाय की त्याचं हृदय बंद पडत चाललंय, हे वरून बघून सांगता येणार नाही. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरात निदान चाळीस माणसं उभी आहेत.

या चाळीस जणांचा त्याला फायदा होणार की तोटा?

साध्या हिशेबाने फायदाच व्हायला हवा. चाळीस जणांत एखादा तरी भला माणूस, एखादी नर्स, एखादा रिकामटेकडा निघेलच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या बातमीचा हिशेब उलटा असतो: बघ्यांची गर्दी जमली, कुणी हात लावला नाही, माणुसकी मेली. हे दोन्ही हिशेब चुकतात. खरा हिशेब १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये दोन मानसशास्त्रज्ञांच्या हाती लागला. तो मांडून बसलं की माणसाच्या भलेपणाबद्दल वाटायला हवं त्यापेक्षा नवल आकड्यांबद्दलच वाटू लागतं.

सुरुवात एका खुनापासून झाली. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोव्हीज ही तरुणी पहाटे तीनच्या सुमारास कामावरून परतत होती. तिथल्या रेल्वे स्टेशनच्या वाहनतळावर तिने गाडी लावली, घराकडे निघाली आणि वाटेत तिच्यावर हल्ला झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापलं की तीसहून अधिक शेजारी खिडक्यांतून हे बघत राहिले आणि कुणीही पोलिसांना बोलावलं नाही. ती बातमी बरीच फुगवलेली होती. सगळा प्रकार पाहिलेलं असं जवळपास कुणीच नव्हतं, दुसरा हल्ला तर जिन्याच्या आडोशाला झाला, आणि एक शेजारीण धावत खाली येऊन तिला मांडीवर घेऊन बसली होती. बातमी कच्ची होती, पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लताने यांना पडलेला प्रश्न पक्का निघाला. सगळ्यांनी या शहराच्या काळजाचं काय झालं असं विचारलं. या दोघांनी विचारलं: बघे जास्त होते, म्हणूनच तर मदत झाली नाही असं असेल का?

प्रयोग त्यांनी फार चलाखीने बेतला. विद्यार्थ्यांना सांगितलं की कॉलेजजीवनातल्या अडचणींवर चर्चा करायची आहे आणि संकोच वाटू नये म्हणून प्रत्येकाने वेगळ्या खोलीत बसून इंटरकॉमवरून बोलायचं आहे. आपली पाळी आली की माइक चालू, एरवी बंद. खरा विद्यार्थी दर वेळी एकच. बाकीचे आवाज टेपवरचे. पहिल्या फेरीत त्यातला एक आवाज जरा लाजत सांगतो की मला कधीकधी झटके येतात. दुसऱ्या फेरीत तो बोलता बोलता अडखळतो, आवाज चढतो, शब्द तुटतात, मदत मागतो, गुदमरल्यासारखं होतं आणि सगळं शांत होतं. आता प्रश्न इतकाच, की खोलीतला विद्यार्थी उठून बाहेर येतो का, आणि किती वेळात.

काही विद्यार्थ्यांना वाटत होतं की चर्चेत आपण आणि तो, असे दोघंच आहोत. झटका संपायच्या आत त्यांच्यातले ८५ टक्के बाहेर आले. ज्यांना आणखी एक जण ऐकतोय असं वाटत होतं, त्यांच्यात हा आकडा ६२ वर आला. आणखी चौघं ऐकतायत अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. बाकी सगळं तेच होतं. तोच आवाज, तोच झटका, तीच रिकामी खोली. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. फरक होता तो फक्त ‘आणखी कुणीतरी आहे’ या माहितीचा.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे तीन आकडे छापून पुढचा धडा सुरू होतो. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण झटका आलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर प्रश्न वेगळाच आहे. त्याला अमुक एक माणूस उठला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याला कुणीतरी एक जण हवा आहे. मग गणित करून बघू. ऐकणारा एकटा असेल तर मदत यायची शक्यता ८५ टक्के. ऐकणारे दोघं असतील आणि प्रत्येक जण ६२ टक्क्यांच्या हिशेबाने वागला, तर दोघंही बसून राहायची शक्यता ०.३८ गुणिले ०.३८, म्हणजे सुमारे १४ टक्के. निदान एक जण उठायची शक्यता ८६ टक्के. आता पाच जण घ्या, प्रत्येकी ३१ टक्के. पाचही जण बसून राहायची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, सुमारे १६ टक्के. निदान एक उठायची शक्यता ८४.

पंच्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी! जबाबदारी एकाची असो, दोघांत वाटलेली असो की पाचांत, तिची बेरीज हलत नाही. प्रत्येकाने आपला वाटा बरोब्बर तेवढा कमी केला, जेवढ्याने सगळे मिळून एकाच माणसाइतके भरतील. पाच अनोळखी माणसं, एकमेकांना न बघता, न विचारता, जणू एका माणसाचं काम आपसात वाटून घेतात. अकबर-बिरबलाच्या गोष्टीत रात्रीच्या अंधारात प्रत्येक जण हौदात दुधाऐवजी पाणी ओतून जातो. इथे मात्र हौदात एकाच्या वाट्याचं दूध पुरतं जमा होतं, फक्त त्याहून थेंबभरही जास्त नाही.

फार हुरळून जाऊ नये, हेही लगेच सांगतो. प्रत्येक गटात तेरा किंवा सव्वीस विद्यार्थी होते. इतक्या थोड्या माणसांवरून आलेले आकडे असे नेमके जुळले, यात योगायोगाचा वाटा असणारच. आणि खऱ्या आयुष्यात शक्यतेइतकाच वेळही मोलाचा असतो. एकट्या विद्यार्थ्याला उठायला सरासरी ५२ सेकंद लागले, पाचांतल्या एकाला १६६. फलाटावरच्या त्या गृहस्थाचं हृदय खरोखरच थांबलं असेल तर छातीवर दाब देणारं कुणी नसताना दर मिनिटाला त्याची जगण्याची आशा साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तिथे ५२ आणि १६६ मधलं अंतर म्हणजे नुसता उशीर नव्हे.

न उठलेल्या विद्यार्थ्यांचं काय, हे बघण्यासारखं आहे. सहा मिनिटं झाल्यावर प्रयोगकर्ती खोलीत गेली, तेव्हा यांतले कुणी आरामात बसलेले नव्हते. हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. ‘तो ठीक आहे ना? त्याच्याकडे कुणी बघतंय ना?’ असं त्यांनीच विचारलं. न उठायचा निर्णय त्यांनी घेतलेलाच नव्हता. उठावं की न उठावं यात ते अडकून पडले होते, आणि आणखी कुणीतरी असल्यामुळे तसं अडकून राहणं परवडत होतं. आणखी गंमत अशी, की इतर लोक असण्याचा तुमच्यावर काही परिणाम झाला का, या प्रश्नाला त्यांनी ठामपणे नाही म्हटलं.

इथवर जबाबदारीच्या वाटणीची गोष्ट झाली. पण दादरच्या फलाटावरचे लोक बंद खोलीत नसतात. ते एकमेकांना बघत असतात. आणि खरी पंचाईत तिथे सुरू होते.

त्याच दोघांचा दुसरा प्रयोग. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी एका खोलीत प्रश्नावली भरत बसलेत आणि भिंतीतल्या झरोक्यातून पांढरा धूर आत येऊ लागतो. एकटा बसलेला विद्यार्थी लिहिता लिहिता वर बघतो, उठतो, झरोक्याशी जाऊन वास घेतो आणि बाहेर जाऊन सांगतो. चारपैकी तिघांनी तसंच केलं. आता खोलीत तिघं अनोळखी बसले असतील तर? वरच्याच गणिताने प्रत्येकाची शक्यता ७५ टक्के धरली, तर तिघांपैकी एकाने तरी सांगायची शक्यता ९८ टक्क्यांवर जायला हवी. जबाबदारी वाटली गेली असं धरलं तरी बेरीज ७५ च्या आसपास राहायला हवी होती. प्रत्यक्षात ती निघाली ३८. आठ गटांतल्या चोवीस जणांपैकी पहिल्या चार मिनिटांत फक्त एक जण बाहेर गेला.

म्हणजे सगळी गर्दी मिळून एक माणूससुद्धा भरेना. बघे एकमेकांना दिसू लागले की आणखी काहीतरी गळतं.

गळतं ते असं. धूर बघून प्रत्येक जण आधी इतरांच्या तोंडाकडे बघतो. चारचौघांत उगाच घाबरलेला दिसायला नको म्हणून स्वतःचा चेहरा निर्विकार ठेवतो. तेच बाकीचेही करत असतात. प्रत्येकाला दोन निर्विकार चेहरे दिसतात, आणि तिघं त्याचा अर्थ लावतात की काळजीचं कारण नाही. दोघा साथीदारांना मुद्दाम शांत बसायला सांगून प्रयोग केला, तेव्हा दहा विद्यार्थ्यांपैकी एकच उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारून प्रश्नावली भरत होते. नंतर विचारल्यावर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचा काहीतरी प्रकार असेल. दोघा विद्यार्थ्यांनी तर, वेगवेगळ्या वेळी, हा आमच्याकडून खरं बोलवून घेणारा वायू असावा अशी शक्कल लढवली! आग मात्र कुणाच्या तोंडी आली नाही.

आता खांबाशी बसलेल्या त्या गृहस्थाकडे पुन्हा बघा. तो खाली सरकला ते दोघा-तिघांनी पाहिलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाकीचे मोबाइलमध्ये किंवा इंडिकेटरकडे. म्हणजे काही विशेष नसावं. शिवाय फलाटावर खांबाला टेकून बसणं ही रोजची गोष्ट आहे. तेवढ्यात गाडी येते. हे दोघं-तिघं, ज्यांनी त्याला उभं असताना आणि नंतर कोसळताना पाहिलं, ते गाडीबरोबर निघून जातात. नव्या गर्दीला तो पहिल्यापासून बसलेलाच दिसतो. त्यांच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. फलाटाची अडचण इथेच आहे, असं मला वाटतं: दर तीन-चार मिनिटांनी साक्षीदार बदलतात, आणि दर बदलात तो माणूस आजारी कमी दिसतो आणि फलाटाचा भाग जास्त.

हे खरं असेल, तर उलट परिस्थितीत उलट व्हायला हवं. सगळ्यांना स्पष्ट दिसतंय, शंकेला जागा नाही आणि कुणाला उतरून जाता येत नाही, असं झालं तर? हा प्रयोगही झाला, आणि तोही रेल्वेत. १९६८ च्याच वसंतात आयर्विंग आणि जेन पिलियाविन यांनी ज्युडिथ रोडिनबरोबर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तो केला. ५९ व्या आणि १२५ व्या रस्त्यांच्या स्टेशनांमध्ये फास्ट गाडी साडेसात मिनिटं कुठेच थांबत नाही. गाडी सुटून सत्तर सेकंद झाले की डब्यातला एक तरुण लटपटत पुढे येऊन कोसळायचा आणि छताकडे बघत पडून राहायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, कधी दारूचा वास आणि कागदी पिशवीतली बाटली. एका डब्यात सरासरी त्रेचाळीस उतारू. म्हणजे आमच्या फलाटावरच्या चाळिसांइतकेच.

काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा उतारूंनी आपणहून उचललं. तेही मध्यम हिशेबाने पाच सेकंदांत, आणि बऱ्याचदा एकाहून अधिक माणसं पुढे आली. डब्यात माणसं जास्त असली म्हणून मदत कमी झाली, असं दिसलंच नाही. खोलीतल्या प्रयोगांवर विश्वास ठेवून गेलेल्या संशोधकांना हा धक्काच होता. जबाबदारीची वाटणी इथे कुठे गेली? डब्यात सगळे समोरासमोर बसलेले, पडलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि कुणी मदत केली की नाही हेही सगळ्यांना दिसणारं. बंद खोलीतल्या विद्यार्थ्याला ‘दुसरा कुणीतरी गेला असेल’ अशी समजूत घालता येते. डब्यात ती सोय नाही.

दारूच्या वासाने मात्र चित्र पालटलं. प्यायलेल्याला ३८ पैकी १९ वेळाच मदत झाली आणि तीही बऱ्याच उशिराने. त्याचा किळसवाणेपणा, तो अंगावर येईल ही भीती, आणि ‘स्वतःच्या करणीने पडलाय’ हा शेरा, हे सगळं मदतीच्या विरुद्ध बाजूला जमा होतं. आपल्याकडे खांबाशी पडलेल्या माणसाबद्दल पहिला अंदाज ‘चढवलेली दिसते’ हाच असतो. त्यात पोलीस-पंचनाम्याच्या लफड्याची धास्ती मिळवा. म्हणून त्याच्याजवळ जाऊन ‘काका, बरं वाटत नाही का?’ असं मोठ्याने विचारणाऱ्या पहिल्या माणसाचं काम काठीसारखं असतं. त्या एका प्रश्नाने तो दारुड्याच्या खात्यातून आजाऱ्याच्या खात्यात येतो, आणि आजूबाजूच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदाच काहीतरी उमटतं.

पण जबाबदारीच्या वाटणीवर उपाय काय? तो आपल्याला लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटावर कधीचाच माहीत आहे. ‘दादा, जरा बॅगेकडे लक्ष ठेवाल का? पाणी भरून येतो.’ १९७५ मध्ये टॉमस मोरियार्टी यांनी नेमकं हेच न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर करून पाहिलं. चादरीवर रेडिओ ठेवून एक जण उठून जायचा आणि थोड्या वेळाने ‘चोर’ येऊन रेडिओ उचलायचा. जाणाऱ्याने शेजाऱ्याशी काही किरकोळ बोलणं केलं होतं, तेव्हा वीसपैकी चार शेजाऱ्यांनी चोराला हटकलं. ‘जरा लक्ष ठेवा’ असं सांगून गेला होता, तेव्हा वीसपैकी एकोणिसांनी. काहींनी तर मागे धावत जाऊन चोराला धरलं. चार शब्दांनी अनोळखी माणसाचा पाचवा वाटा जवळपास पुरा झाला.

खांबाशी कोसळलेल्या माणसाला मात्र असं कुणाला सांगून कोसळता येत नाही. ते सांगणं पहिल्या माणसाने त्याच्या वतीने करायचं असतं. ‘कुणीतरी फोन करा’ म्हणून ओरडलं की हाक चाळीस जणांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. ‘हिरवा शर्ट, तुम्ही १३९ लावा आणि फलाट नंबर सांगा. ताई, तुम्ही पळत स्टेशन मास्तरच्या ऑफिसात जा, स्ट्रेचर मागवा’ असं बोट दाखवून म्हटलं की चाळिसांतला एक हिरवा शर्ट क्षणात एकटा होतो. आणि एकट्याचा आकडा आपण पाहिलाच आहे. हिरव्या शर्टाला नकार द्यायचा असेल तर तो आता उघडपणे द्यावा लागतो, आणि ते फार थोड्यांना जमतं.

याच्या पलीकडे जाऊन ‘गर्दी म्हणजे बघे’ असा नियम कुणी काढला तर तो टिकत नाही. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं. २१९ प्रसंगांपैकी ९१ टक्क्यांत निदान एक बघ्या मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. भांडण हे धुरासारखं संदिग्ध नसतं. दोघं एकमेकांच्या अंगावर धावले की इतरांच्या तोंडाकडे बघून अर्थ लावावा लागत नाही. शिवाय भांडण सोडवायला एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी जाणं सोपं. जिथे मदतीला बळ लागतं, तिथे गर्दी उपयोगीच पडते.

याचा सगळ्यात देखणा पुरावा एका फलाटावरचाच आहे. २२ जुलै २०१३, जपानमधलं मिनामी-उरावा स्टेशन, सकाळच्या गर्दीची वेळ. गाडीतून उतरताना एक बाई फलाट आणि डबा यांच्या मधल्या वीतभर फटीत पडून कमरेपर्यंत अडकली. रेल्वेचे कर्मचारी डबा रेटू लागले, आणि लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की प्रवासी अडकला आहे. त्या एका घोषणेने काय झालं ते आता ओळखता येईल: काय घडलंय ही शंका संपली, आणि काय करायचं हे समोर दिसतच होतं. सुमारे चाळीस प्रवासी पुढे झाले, त्यांनी ३२ टनांच्या डब्याला खांदे लावले, डबा त्याच्या स्प्रिंगांवर कलला आणि बाईला वर ओढून काढलं. तिला काही दुखापत झाली नव्हती. गाडी आठ मिनिटं उशिराने सुटली.